समतोल कुठे सरकेल? Q आणि K यांच्या तुलनेतून उत्तर काढण्याची पद्धत

रासायनिक समतोलावर प्रश्न आला की बहुतेकजण ले शातेलिएचं तत्त्व आठवतात: समतोलात असलेल्या व्यवस्थेवर बदल लादला की ती त्या बदलाला विरोध करणाऱ्या दिशेने सरकते. १८८४ साली मांडलेलं हे तत्त्व चांगलं आहे, पण नवशिक्याला ते अर्ध्या वाटेत सोडून देतं. नक्की कशाला विरोध, किती विरोध, आणि समतोल स्थिरांक बदलतो की नाही, हे त्या एका वाक्यातून कळत नाही. म्हणून या लेखात दिशा ठरवण्यासाठी दोन आकड्यांची तुलना करायची पद्धत घेतली आहे. ती थोडी लांब वाटते, पण जिथे तत्त्वाचं पाठांतर फसतं तिथेही ती बरोबर उत्तर देते.

पहिला आकडा K, म्हणजे समतोल स्थिरांक. उत्पादितांच्या संहती (किंवा वायू असतील तर आंशिक दाब) वर, अभिकारकांच्या खाली, आणि प्रत्येकाचा घात म्हणजे समीकरणातला त्याचा सहगुणक. दुसरा आकडा Q. त्याचं सूत्र अगदी तेच, फक्त त्यात समतोलातल्या किमती न घालता आत्ता या क्षणी भांड्यात जे आहे ते घालायचं. Q जर K पेक्षा लहान असेल तर उत्पादित कमी पडताहेत, म्हणून अभिक्रिया पुढे (डावीकडून उजवीकडे) जाते. Q मोठा असेल तर मागे येते. दोन्ही सारखे असतील तर काहीच सरकत नाही.

आता कुठलाही बदल समोर आला की एकच प्रश्न विचारायचा: या बदलाने Q हलला की K? संहती किंवा आंशिक दाब बदलला की Q हलतो आणि K जागचा हलत नाही. तापमान बदललं की K स्वतःच बदलतो. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

आधी समीकरण लिहा, मगच K

पूर्ण लेखात एकच मुख्य अभिक्रिया वापरू, म्हणजे आकडे ओळखीचे होतील:

```
N₂O₄(g) ⇌ 2NO₂(g)      ΔH° = +५७.२ kJ/mol
K = (p_NO₂)² / p_N₂O₄ ≈ ०.१५   (२५ °C, दाब bar मध्ये)
```

N₂O₄ रंगहीन आहे आणि NO₂ लालसर तपकिरी, त्यामुळे समतोल कुठे आहे हे डोळ्यांना दिसतं. NO₂ विषारी आहे, आणि त्याचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनी उमटू शकतो. म्हणून हा प्रयोग सीलबंद नळ्यांमध्ये किंवा फ्यूम हूडमध्ये जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचा. आकडेमोड मात्र कुणीही कागदावर करू शकतो.

०.१५ हा आकडा फक्त वर लिहिलेल्या समीकरणाचा आहे. तेच समीकरण उलटं लिहिलं, 2NO₂ ⇌ N₂O₄, तर K होतो १ ÷ ०.१५, म्हणजे सुमारे ६.७. अर्ध्या सहगुणकांनी लिहिलं तर ०.१५ चं वर्गमूळ, सुमारे ०.३९. भांड्यातलं रसायन तेच असतं, फक्त आकडा बदलतो. पुस्तकातून K उचलताना सोबतचं समीकरण न उचलणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि ती झाली की पुढची दिशा थेट उलटी निघते.

तसंच आंशिक दाबांतून काढलेला Kp आणि संहतींतून काढलेला Kc यांची सरमिसळ करू नका. इथे उजवीकडे एक मोल वायू जास्त आहे, म्हणून Kc = Kp ÷ RT. २५ °C ला RT सुमारे २४.८ L·bar/mol, त्यामुळे Kc साधारण ०.००६ येतो. एका उदाहरणात दाब वापरायचे ठरवले की शेवटपर्यंत दाबच वापरा.

सुरुवातीची स्थिती

समजा २५ °C ला एका भांड्यात हा समतोल आहे आणि एकूण दाब १ bar आहे. NO₂ चा आंशिक दाब x धरला तर N₂O₄ चा १ − x. म्हणजे x² = ०.१५ (१ − x). हे वर्गसमीकरण सोडवलं की x = ०.३२. तर NO₂ ०.३२ bar आणि N₂O₄ ०.६८ bar. पडताळून पाहा: ०.३२ चा वर्ग ०.१०२४, भागिले ०.६८, उत्तर ०.१५. प्रत्येक गणितानंतर ही उलटी तपासणी करायची सवय लावून घ्या. दहा सेकंदांत चूक सापडते.

संहती बदलली तर

भांड्याचं आकारमान तेवढंच ठेवून आत आणखी NO₂ सोडला, इतका की त्याचा दाब ०.२० bar ने वाढला. त्या क्षणी NO₂ ०.५२ आणि N₂O₄ ०.६८. आता Q = (०.५२)² ÷ ०.६८ = ०.४०. K अजून ०.१५ च आहे. Q मोठा, म्हणून अभिक्रिया मागे येणार: दोन-दोन NO₂ एकत्र येऊन N₂O₄ होणार.

किती मागे येणार? N₂O₄ y ने वाढला तर NO₂ २y ने कमी होतो, म्हणून (०.५२ − २y)² = ०.१५ (०.६८ + y). यातून y = ०.०९. शेवटी NO₂ ०.३४ आणि N₂O₄ ०.७७.

NO₂ चा प्रवास नीट पाहा: ०.३२ वरून ०.५२, आणि तिथून ०.३४. बदलाला विरोध झाला, पण बदल पुसला गेला नाही. घातलेल्या NO₂ पैकी थोडा शिल्लक राहिलाच. 'समतोल मागे सरकला, म्हणजे NO₂ पूर्वीपेक्षा कमी झाला' असं उत्तर परीक्षेत फार जण लिहितात. सरकण्याची दिशा नव्याने लादलेल्या स्थितीपासून मोजायची असते, जुन्या समतोलापासून नव्हे.

संहतीचा परिणाम हाताने करून पाहायचा असेल तर आयर्न थायोसायनेटची अभिक्रिया योग्य. प्रयोगशाळेत ती सहज होते:

```
Fe³⁺ + SCN⁻ ⇌ [Fe(SCN)]²⁺
```

Fe³⁺ फिकट पिवळसर, SCN⁻ रंगहीन, आणि उजवीकडचा आयन गडद लाल. ०.१ M फेरिक क्लोराइड १ मिली आणि ०.१ M पोटॅशियम थायोसायनेट १ मिली घेऊन पाण्याने ५० मिलीपर्यंत न्या. त्यात विरल नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब टाका, नाहीतर विरल द्रावणात Fe³⁺ चं जलविच्छेदन होऊन रंग हळूहळू मळकट होतो. संहत आम्ल मात्र थायोसायनेटजवळ आणायचं नाही. मिळालेलं लालसर नारिंगी द्रावण सारख्या जाडीच्या पाच परीक्षानळ्यांत प्रत्येकी ५ मिली ओता.

पहिली नळी तुलनेसाठी ठेवायची. दुसरीत फेरिक क्लोराइडचे पाच थेंब, तिसरीत थायोसायनेटचे पाच थेंब. दोन्हींत Q चा छेद वाढतो, Q लहान होतो, अभिक्रिया पुढे जाते आणि रंग गडद होतो. चौथीत चिमूटभर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. फॉस्फेट Fe³⁺ ला धरून ठेवतं, मोकळा Fe³⁺ कमी होतो, Q वाढतो, अभिक्रिया मागे येते, रंग उतरतो. चौथ्या नळीत फॉस्फेट समीकरणात कुठेही नाही, तरी समतोल सरकला, कारण त्याने समीकरणातला एक घटक काढून घेतला. पहिल्या नळीतही पाच थेंब पाणी टाकायला विसरू नका, म्हणजे थेंबांमुळे होणारं विरलीकरण सगळीकडे सारखं राहील आणि तुलना खरी होईल.

पाचवी नळी पाण्यासाठी. तिच्यात आणखी ५ मिली पाणी ओता. सगळ्या संहती अर्ध्या झाल्या. Q मध्ये वर एक संहती आणि खाली दोन, त्यामुळे Q दुप्पट होतो आणि अभिक्रिया मागे येते. पण रंग तर नुसत्या पाण्यानेही फिकट होतोच, मग सरकणं कसं ओळखायचं? नळी वरून, उभ्या दिशेने, पांढऱ्या कागदावर धरून पाहा. द्रावणाची उंची दुप्पट झाली आहे, संहती निम्मी. जर काहीच सरकलं नसतं तर वरून दिसणारा रंग पहिल्या नळीइतकाच राहिला असता, कारण नजरेच्या वाटेत तेवढेच लाल आयन आले असते. प्रत्यक्षात तो फिकट दिसतो. हा जो उरलेला फरक आहे तोच समतोलाचा.

इथे एक सापळा अनेक जुन्या टिपणांत आहे. अभिक्रिया FeCl₃ + 3KSCN ⇌ Fe(SCN)₃ + 3KCl अशी लिहितात आणि मग KCl घातल्यावर समतोल मागे येतो असं सांगतात. K⁺ आणि Cl⁻ हे Q च्या सूत्रात येतच नाहीत, म्हणून या कारणाने काही सरकत नाही. खूप KCl घातल्यावर रंग थोडा उतरलेला दिसू शकतो, पण ते क्लोराइड Fe³⁺ ला बांधतो म्हणून आणि द्रावणातल्या एकूण आयनांचं प्रमाण वाढतं म्हणून. द्रावणातल्या अभिक्रियेसाठी नेहमी आयनांचं समीकरण लिहा.

'दाब वाढवला' म्हणजे नक्की काय केलं?

दाबाच्या प्रश्नात सगळा गोंधळ या शब्दांत असतो. दाब तीन वेगळ्या प्रकारे वाढतो किंवा राखला जातो, आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पहिला प्रकार: भांडं दाबून आकारमान कमी केलं. आपल्या मूळ समतोलातला वायू काचेच्या सिरिंजमध्ये ५० मिली आहे असं समजा, आणि दट्ट्या दाबून तो २५ मिलीवर आणला. त्या क्षणी दोन्ही आंशिक दाब दुप्पट: NO₂ ०.६४, N₂O₄ १.३६. Q = ०.४०९६ ÷ १.३६ = ०.३०, म्हणजे K च्या बरोबर दुप्पट. वर वर्ग आहे, खाली नाही, म्हणून हे झालं. Q मोठा, अभिक्रिया मागे, जिकडे वायूचे रेणू कमी आहेत त्या बाजूला. समीकरण सोडवलं की NO₂ ०.४७ आणि N₂O₄ १.४५ वर स्थिरावतात.

एकूण दाब १.९१ bar होतो. काहीच सरकलं नसतं तर तो २ झाला असता. इतकाच विरोध. आणि रंगाचं काय? NO₂ चा दाब ०.३२ वरून ०.६४ आणि मग ०.४७. बाजूने पाहिलं तर वायू आधी गडद होतो, मग थोडा उतरतो, पण मूळ रंगापेक्षा गडदच राहतो. टोकाकडून, सिरिंजच्या लांबीच्या दिशेने पाहिलं तर मात्र वेगळं दिसतं. वायूचा स्तंभ निम्मा झाला आहे, म्हणून नजरेच्या वाटेतले NO₂ चे रेणू ०.३२ ऐवजी ०.४७ च्या निम्मे, म्हणजे ०.२३ च्या प्रमाणात राहतात. टोकाकडून रंग मूळपेक्षा फिकट दिसतो. पाचव्या परीक्षानळीत जे केलं तेच हे. 'दाबल्यावर रंग फिकट होतो' आणि 'दाबल्यावर रंग गडद होतो' ही दोन्ही वाक्यं पुस्तकांत सापडतात. कुठून पाहिलं हे सांगितल्याशिवाय दोन्ही अपुरी आहेत.

दट्ट्या झटकन दाबला तर वायू तापतो, आणि तापला की K च बदलतो. ही अभिक्रिया स्वतः अतिशय जलद आहे, त्यामुळे दाबल्यानंतर सावकाश उतरताना दिसणाऱ्या रंगात वायू थंड होण्याचाही वाटा असतो. शेवटचा रंग नोंदवण्याआधी वायू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा.

दुसरा प्रकार: आकारमान तेवढंच ठेवून आत आर्गॉन सोडला. दाबमापक चढतो, पण NO₂ आणि N₂O₄ यांचे आंशिक दाब जिथल्या तिथे. Q तसाच, K तसाच. काहीही सरकत नाही.

तिसरा प्रकार: एकूण दाब १ bar च ठेवून आर्गॉन सोडला, दट्ट्याला मागे सरकू दिलं. आकारमान दुप्पट झालं तर NO₂ ०.१६ आणि N₂O₄ ०.३४ होतात. Q = ०.०७५, K च्या निम्मा. अभिक्रिया पुढे जाते. दाबमापक हललाही नाही, तरी समतोल सरकला. म्हणून दाबाच्या प्रश्नात दाबमापकाकडे पाहू नका. अभिक्रियेत भाग घेणाऱ्या वायूंचे आंशिक दाब काय झाले, तेवढंच पाहा.

दोन्ही बाजूंना वायूचे मोल सारखे असतील, जसे H₂ + I₂ ⇌ 2HI, तर दाबल्याने Q बदलत नाही. आयोडीनचा जांभळा रंग गडद होतो तो निव्वळ दाटल्यामुळे.

घन पदार्थ Q मध्ये येत नाहीत. CaCO₃ ⇌ CaO + CO₂ इथे K म्हणजे फक्त CO₂ चा दाब. चुनखडीचा आणखी एक खडा टाकल्याने काही होत नाही. आणि आकारमान निम्मं केलं तर CO₂ चा दाब दुप्पट होऊन पुन्हा अगदी मूळ किमतीवर येतो, दोन्ही घन शिल्लक असेपर्यंत. आधीच्या उदाहरणात विरोध अपुरा होता, इथे तो पूर्ण आहे. 'विरोध नेहमी अंशतः असतो' असाही नियम पाठ करू नये, तो यासाठी.

तापमान: इथे K हलतो

दिशा ठरवायला ΔH चं चिन्ह पुरेसं आहे. ΔH धन असेल, म्हणजे पुढची अभिक्रिया उष्माग्राही असेल, तर तापवल्यावर K वाढतो. ऋण असेल, म्हणजे उष्मादायी, तर तापवल्यावर K कमी होतो. शिकवताना 'उष्णतेला अभिकारक समजा' अशी युक्ती देतात. दिशा तिने बरोबर येते, पण संहती आणि तापमान एकाच प्रकारचे बदल आहेत असा समज तयार होतो, आणि मग K बदलला का या प्रश्नावर विद्यार्थी अडतो. त्यापेक्षा K किती बदलला हेच काढा. त्यासाठी व्हान्ट हॉफचं समीकरण आहे:

```
ln(K₂/K₁) = (ΔH°/R) × (१/T₁ − १/T₂)
```

T केल्विनमध्ये, R = ८.३१४ J/(mol·K), आणि ΔH जूलमध्ये. किलोजूल तसेच घातले तर उत्तर हजारपट चुकतं आणि K जवळपास बदललाच नाही असं वाटतं. उत्तर संशयास्पदरीत्या १ च्या जवळ आलं की आधी हेच तपासा. सेल्सिअस घातलं तर उत्तर भलतीकडेच जातं.

आपली सीलबंद नळी २५ °C वरून ६० °C च्या पाण्यात ठेवू. ५७२०० ÷ ८.३१४ = ६८८०. कंसातला भाग १/२९८.१५ − १/३३३.१५ = ०.०००३५२. गुणाकार २.४२, आणि e चा २.४२ वा घात सुमारे ११.३. म्हणून K₂ = ०.१५ × ११.३ ≈ १.६९. पस्तीस अंशांत K अकरा पटीने वाढला. ΔH या टप्प्यात फारसा बदलत नाही असं इथे गृहीत धरलं आहे. काही दहा अंशांसाठी ते चालतं, शेकडो अंशांसाठी नाही.

इथे एक शंका नेहमी येते, आणि ती रास्त आहे. बंद नळी तापवली की आतला दाबही वाढतो. दाब वाढला की अभिक्रिया मागे यायला हवी, तापमान वाढलं की पुढे. मग खरं काय? Q आणि K यांची तुलना हा वाद मिटवते. नळीचं आकारमान स्थिर आहे, म्हणून आंशिक दाब ३३३ ÷ २९८ = १.१२ पटीने वाढतील: NO₂ ०.३५७, N₂O₄ ०.७६०. Q = ०.१६८. म्हणजे दाबामुळे Q वाढला तो फक्त बारा टक्के, आणि K वाढला अकरा पट. Q अजूनही K च्या खूप खाली आहे, अभिक्रिया पुढेच जाणार. सोडवल्यावर NO₂ सुमारे ०.९१ आणि N₂O₄ ०.४९. नळी गडद तपकिरी होते.

आता उलटा प्रयोग, बर्फात. ०° ला याच समीकरणाने K सुमारे ०.०१८ येतो, आणि नळी फिकट पडते. पण N₂O₄ चा उत्कलनबिंदू २१ °C आहे. नळीत वायू जास्त भरला असेल तर बर्फात त्यातला काही द्रवरूप होतो आणि तळाशी थेंब दिसतात. मग तुम्ही दोन समतोल एकदम पाहत असता, वायू-वायू आणि द्रव-वायू, आणि रंग उतरण्याचं सगळं श्रेय पहिल्याला देता येत नाही. नळीच्या काचेवर थेंब दिसले की त्या नळीवरून K बद्दल काही बोलू नका.

उत्प्रेरकाबद्दल एवढंच: तो Q लाही हात लावत नाही आणि K लाही. समतोल लवकर येतो, जागा तीच.

अमोनिया: सगळं एकत्र, आणि एक अवघड वळण

```
N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃      ΔH° ≈ −९२ kJ/mol
```

ही अभिक्रिया मुंबईतल्या ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ इथल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यांत युरियासाठी अमोनिया बनवताना चालते. उष्मादायी असल्याने तापवल्यावर K घसरतो, आणि प्रचंड घसरतो: २५ °C ला तो ६ × १०⁵ च्या आसपास असतो, ४०० °C ला १.६ × १०⁻⁴ (दाब bar मध्ये). तरी संयंत्र ४००–५०० अंशांवर चालवतात, कारण थंडीत लोहाचा उत्प्रेरकही पुरेसा वेग देऊ शकत नाही. K मध्ये जे गमावलं ते Q कडून परत मिळवतात. शंभर-दोनशे bar दाब ठेवला की चार मोलांचे दोन मोल होण्याची दिशा फायद्याची ठरते. आणि तयार झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेतात, उरलेला वायू पुन्हा फिरवतात. अमोनिया काढला की Q चा अंश जवळपास शून्याकडे जातो, आणि पुढच्या फेरीत अभिक्रिया पुन्हा पुढे धावते. यात K एकदाही बदलत नाही, तापमान तेच असेपर्यंत.

आता ते वळण. आत आणखी नायट्रोजन घातला तर? अभिकारक वाढला, अभिक्रिया पुढे, असं सगळेच म्हणतील. आकारमान स्थिर असेल तर ते खरं आहे. पण एकूण दाब स्थिर ठेवला असेल तर नायट्रोजन घातल्यावर आकारमान वाढतं, आणि हायड्रोजन व अमोनिया दोन्ही विरळ होतात. हायड्रोजन Q मध्ये तिसऱ्या घातात आहे, त्यामुळे त्याचं विरळ होणं महागात पडतं.

समतोलात असलेल्या मिश्रणात १० मोलांपैकी ६ नायट्रोजन, २ हायड्रोजन आणि २ अमोनिया आहेत असं धरा. स्थिर दाबावर Q चं सूत्र मोलांत लिहिलं तर ते (अमोनियाचे मोल)² × (एकूण मोल)² भागिले (नायट्रोजनचे मोल) × (हायड्रोजनचे मोल)³ याच्या प्रमाणात असतं. आता १ मोल नायट्रोजन घाला. एकूण १० चे ११ झाले, नायट्रोजन ६ चे ७. नवा Q जुन्याच्या (११/१०)² × (६/७) = १.२१ × ०.८५७ = १.०४ पट. Q वाढला, K तसाच. अभिक्रिया मागे येते आणि थोडा अमोनिया मोडतो.

नायट्रोजन निम्म्याहून जास्त असेल तेव्हाच असं होतं. हेच मिश्रण ४ नायट्रोजन, ४ हायड्रोजन, २ अमोनिया असं असतं तर गुणक (११/१०)² × (४/५) = ०.९७ आला असता, Q उतरला असता आणि अभिक्रिया नेहमीप्रमाणे पुढे गेली असती. संयंत्रात हायड्रोजन आणि नायट्रोजन साधारण तीनास एक ठेवतात, त्यामुळे तिथे ही वेळ येत नाही. पण प्रश्नपत्रिकेत 'स्थिर दाबावर' हे दोन शब्द दिसले की आधी मोलांचं प्रमाण पाहा, मग Q काढा, आणि दिशा त्यानंतरच लिहा.